परदेशी विक्रेत्याने भलतीच वस्तू पाठवली, स्क्रीन म्हणते ‘Delivered’: तक्रारपत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. समजा, परदेशातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दुर्बिणीसाठी २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडच्या टोकाला बसवायचं भिंग, मागवला. पार्सल आलं, उघडलं, तर आत १० मिमीचा आयपीस. नळीचा व्यास तोच, रंग तोच, डबीही तीच. पण १००० मिमी फोकल लेंथच्या दुर्बिणीवर २५ मिमीचा आयपीस ४० पट मोठं दाखवतो आणि १० मिमीचा १०० पट. म्हणजे आकाशाचा मोठा तुकडा एका नजरेत बघायला मागवलेली वस्तू त्या कामाचीच राहिली नाही. साइटवर ऑर्डरचं पान उघडलं तर असं दिसतं:

```
Order No. A-204417
Eyepiece 1.25" | Variant: 25mm
SKU: EP-125-25 | Qty: 1 | USD 38.00
Package 1 of 1
Tracking: RR123456785XX
Status: Delivered 2025-03-04 21:50 UTC
Protection ends: 2025-03-19
```

स्क्रीनवर ‘Delivered’ आलंय. मग तक्रारीला आधार काय उरला?

पूर्ण आधार आहे, पण तो पत्रात नीट मांडावा लागतो. बहुतेक तक्रारी नेमक्या इथेच अडकतात.

‘Delivered’ हा शब्द पार्सलबद्दल बोलतो, आतल्या वस्तूबद्दल नाही. टपाल खात्याने किंवा कुरिअरने एक बंद पाकीट एका पत्त्यावर दिलं, एवढीच ती नोंद. पाकिटात काय होतं हे देणाऱ्याला माहीत नसतं आणि स्क्रीनलाही नसतं. विक्रेत्याच्या मदतकक्षात बसलेला माणूस मात्र तुमचं पत्र उघडण्याआधी हाच शब्द बघतो. तुम्ही ‘माझी वस्तू मिळाली नाही’ असं लिहिलंत की त्याच्याकडे तयार उत्तर असतं: आमच्याकडे पोहोचल्याची नोंद आहे. विषय बंद.

म्हणून पत्रात ‘Delivered’ टाळू नका, उलट तोच शब्द आधी मान्य करा. पार्सल पोहोचलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आतल्या वस्तूबद्दल आहे. या एका वाक्यामुळे ते तयार उत्तर निरुपयोगी होतं आणि समोरच्याला पुढचं वाक्य वाचावं लागतं.

मग स्क्रीनवरचा नेमका कोणता मजकूर पत्रात घ्यायचा?

या पानाचे मनातल्या मनात दोन भाग करा. वरच्या भागात विक्रेत्याने काय द्यायचं कबूल केलं ते आहे: वस्तूचं नाव, `Variant: 25mm`, `SKU: EP-125-25`, नग, किंमत. खालच्या भागात पार्सलचा प्रवास आहे: ट्रॅकिंग नंबर, स्टेटस, वेळ. लोक तक्रारीत खालचाच भाग उतरवतात, कारण तो मोठ्या हिरव्या अक्षरांत असतो. तुमची बाजू मांडतो तो वरचा भाग, आणि तो बहुधा बारीक करड्या अक्षरांत किंवा ‘Order details’ दाबल्यावर उघडणाऱ्या पानात दडलेला असतो.

वरच्या भागातला सगळ्यात वजनदार शब्द म्हणजे एसकेयू, विक्रेत्याच्या गोदामातला मालाचा क्रमांक. ‘२५ मिमीचा आयपीस’ हे तुमचं वर्णन झालं. `EP-125-25` हे त्याचं स्वतःचं नाव. गोदामातला माणूस याच क्रमांकाने खण शोधतो. `EP-125-25` आणि `EP-125-10` यांत शेवटचे दोन आकडेच वेगळे आहेत आणि हे दोन्ही खण बहुधा शेजारी असतात, हे पत्र वाचणाऱ्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. क्रमांक दिलात की चूक कुठे झाली असेल ते त्याचं त्यालाच उमगतं.

उद्धृत करताना जसंच्या तसं करा. स्पेलिंग, मोठी-लहान अक्षरं, मधल्या आडव्या रेघा, काही बदलू नका. `Delivered` ला ‘Received’ लिहू नका. काही साइट्सवर ही दोन वेगळी स्टेटस असतात, आणि दुसरीचा अर्थ ‘ग्राहकाने वस्तू स्वीकारली’ असा होतो.

स्क्रीनशॉट जोडला की काम भागत नाही का?

स्क्रीनशॉट जोडाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मदतकक्षात पत्र एका विभागातून दुसऱ्याकडे जाताना जोडलेली चित्रं कधी मागे राहतात, कधी इतकी लहान होतात की २५ आणि १० यांतला फरक दिसत नाही. पत्रातला मजकूर मात्र टिकतो, शोधता येतो, आणि पुढे तुमच्या बँकेत पाठवला तरी तसाच जातो. म्हणून महत्त्वाच्या तीन-चार ओळी पत्रात टाइप करा आणि पुरावा म्हणून चित्र जोडा.

स्क्रीनशॉट घेताना अख्खं पान घ्या, वरच्या पत्त्याच्या पट्टीसकट. मोबाइल अ‍ॅपमध्ये ही पट्टी नसते, त्यामुळे जमल्यास संगणकावरूनच घ्या. विक्रीच्या पानाचाही स्क्रीनशॉट त्याच दिवशी घेऊन ठेवा, कारण ते पान विक्रेता बदलू शकतो. तक्रार गेल्यावर वर्णनात ‘रंग आणि आकार बदलू शकतो’ अशी एक ओळ उगवलेली पाहायला मिळाली तर नवल वाटू देऊ नका. काही साइट्स ऑर्डरच्या क्षणी विक्रीचं पान जसं होतं तशी प्रत ऑर्डरच्या पानावर जपून ठेवतात. तशी लिंक दिसली तर सोन्याहून पिवळं. पाठवण्याआधी घरचा पत्ता, फोन आणि कार्डाचे आकडे झाका. विक्रेत्याला ऑर्डर नंबर पुरेसा असतो.

स्क्रीनवरची तारीख माझ्याकडच्या तारखेशी जुळत नाही. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. उदाहरणातली वेळ आहे `2025-03-04 21:50 UTC`. युटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. तुमच्याकडचं घड्याळ तिच्या पुरेसं पुढे असेल तर तेव्हा तुमच्याकडे ५ मार्च सुरू झालेला असतो. काही साइट्स विक्रेत्याच्या देशाची वेळ दाखवतात आणि तसं सांगतही नाहीत. पत्रात स्क्रीनवरची वेळ जशीच्या तशी द्या आणि पार्सल तुमच्या हातात पडल्याची स्थानिक तारीख वेगळी लिहा. दोन्ही शेजारी असल्या की ‘ग्राहक तारीख चुकीची सांगतो’ म्हणायला जागा राहत नाही.

तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा. 04/03 म्हणजे काही देशांत चार मार्च आणि काही देशांत तीन एप्रिल. मुदतीचा प्रश्न असताना एवढ्या फरकाने दावा फेटाळला जाऊ शकतो.

पत्र लिहिण्याआधी काय तपासून घ्यावं?

पहिलं, `Package 1 of 1` ही ओळ. तिथे `1 of 2` किंवा `Partially shipped` असेल तर थांबा. तुमची वस्तू कदाचित दुसऱ्या पाकिटात येते आहे आणि हातातली भेट किंवा जोडवस्तू आहे. दुसरं, ऑर्डरच्या पानावरचा व्हेरियंट खरोखर तुम्हाला हवा तोच आहे का. निवड करताना बोट शेजारच्या बटणावर पडलं असेल तर ही तक्रार होत नाही, ती बदलून देण्याची विनंती होते, आणि तिचे नियम वेगळे असतात.

तिसरं, वस्तूवर काय छापलंय. आयपीसच्या कडेला मिमीचा आकडा कोरलेला असतो. तो वाचता येईल असा, तिरप्या उजेडात फोटो घ्या. पाकीट, आतली पिशवी, पावती यांपैकी काहीही फेकू नका.

आतल्या पिशवीवरच्या स्टिकरला एवढं महत्त्व कशासाठी?

कारण चूक कुठे झाली ते स्टिकर सांगतो, आणि त्यावरून विक्रेता काय उत्तर देणार याचा अंदाज येतो.

पिशवीवर `EP-125-10` असेल तर गोदामात चुकीच्या खणातून माल उचलला गेला. ही सरळ केस. विक्रेत्याने आपली नोंद तपासली की बहुधा त्याला तिथेच चूक सापडते आणि वाद लांबत नाही.

पिशवीवर `EP-125-25` आणि आत १० मिमीचा आयपीस, ही अवघड केस. माल पिशवीत भरतानाच, कदाचित कारखान्यात, चूक झाली. विक्रेत्याच्या यंत्राने बारकोड वाचला, तो बरोबर निघाला, त्यामुळे त्याची नोंद छाती ठोकून सांगेल की २५ मिमीच गेला. इथे पिशवी, स्टिकर आणि कोरलेला आकडा, तिन्ही एकाच चौकटीत असलेला फोटो लागतो. वेगवेगळे फोटो दिलेत तर ‘ही आमची वस्तूच नाही’ असं म्हणता येतं. तुम्ही पिशवी फाडून केराच्या टोपलीत टाकली असेल तर अजून उशीर झालेला नाही, काढा बाहेर.

तिसरा प्रकार, आतल्या पावतीवर दुसऱ्याच कोणाचा ऑर्डर नंबर. मग दोन पार्सलांच्या वरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि तुमचा आयपीस भलतीकडे पोहोचला. त्या पावतीवरचा ऑर्डर नंबर विक्रेत्याला कळवा, पण त्या माणसाचं नाव-पत्ता फोटोत झाका.

आणि एक पुरावा लोकांच्या लक्षातच येत नाही: वजन. परदेशातून टपालाने आलेल्या छोट्या पाकिटावर सीएन २२ नावाची सीमाशुल्काची चिठ्ठी असते. तिच्यावर आत काय आहे, किंमत किती आणि वजन किती हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं असतं. समजा, विक्रीच्या पानावर २५ मिमीच्या आयपीसचं वजन १२० ग्रॅम दिलंय आणि चिठ्ठीवर अख्ख्या पाकिटाचं वजन आहे ०.०९ किलो. मग पाकिटात तो आयपीस असणं शक्यच नव्हतं. यात तुमचा शब्द कुठेच येत नाही. दोन्ही आकडे विक्रेत्याचेच. चिठ्ठीवरचा आकडा कधी अंदाजपंचे टाकलेला असतो, त्यामुळे एकट्या वजनावर दावा उभा करू नका. पण फोटोच्या जोडीला असला की चांगलाच बोलतो.

पत्र नेमकं कसं लिहायचं? नमुना द्याल का?

खालचा नमुना मराठीत आहे, म्हणजे कोणतं वाक्य कशासाठी ते कळेल. पाठवताना इंग्रजीत किंवा विक्रेत्याच्या साइटच्या भाषेत पाठवा. स्क्रीनवरचे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवा.

विषय: ऑर्डर `A-204417`, चुकीची वस्तू मिळाली, `EP-125-25` ऐवजी १० मिमीचा आयपीस

महोदय,

मी ऑर्डर `A-204417` मध्ये एक आयपीस मागवला. तुमच्या ऑर्डरच्या पानावर आज असं दिसतं: `Variant: 25mm`, `SKU: EP-125-25`, `Qty: 1`.

त्याच पानावर `Status: Delivered 2025-03-04 21:50 UTC` असं आहे. पार्सल पोहोचलं हे मला मान्य आहे. ते माझ्या हातात स्थानिक वेळेनुसार ५ मार्च २०२५ रोजी आलं. पानावर `Package 1 of 1` असं असल्यामुळे दुसरं पार्सल येणार नाही.

पार्सलमध्ये १० मिमीचा आयपीस निघाला. वस्तूवर ‘10mm’ कोरलेलं आहे. आतल्या पिशवीच्या स्टिकरवर `EP-125-10` आहे.

चार फोटो जोडले आहेत: ट्रॅकिंग नंबर `RR123456785XX` आणि वजन दिसणारं पाकीट; पिशवी, स्टिकर आणि वस्तू एकत्र; वस्तूवरचा आकडा जवळून; ऑर्डरचं पान.

कृपया `EP-125-25` तुमच्या खर्चाने पाठवा. तो शिल्लक नसल्यास `USD 38.00` पूर्ण परत करा. वस्तू वापरलेली नाही आणि मी ती मूळ पाकिटासह जपून ठेवली आहे. ती परत हवी असल्यास खर्च तुमच्याकडे असलेली परतीची चिठ्ठी पाठवा.

पानावर `Protection ends: 2025-03-19` असं आहे. १२ मार्च २०२५ पर्यंत उत्तर आलं नाही तर मी साइटवर रीतसर दावा दाखल करीन.

एवढंच. आपण किती वाट पाहिली, किती मनस्ताप झाला, वाढदिवसाची भेट होती, हे सगळं खरं असेल, पण पत्रात आलं की वाचणारा नेमकी वस्तुस्थिती सोडून सहानुभूतीचं छापील वाक्य पाठवतो. रागाचंही तसंच. ‘फसवणूक’ हा शब्द पहिल्या पत्रात घालू नका. खण चुकला असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि चूक कबूल करायला माणूस तयार असतो, फसवणूक कबूल करायला नाही.

माझं इंग्रजी बेताचंच आहे. चालेल?

चालेल. बरेचदा समोरच्याचंही तसंच असतं. एका वाक्यात एकच गोष्ट, क्रियापद साधं, आणि वस्तूला दर वेळी त्याच नावाने संबोधायचं. आधी ‘eyepiece’, मग ‘lens’, मग ‘piece’ असं लिहिलंत तर तिकडे तीन वस्तू असल्याचा समज होऊ शकतो. उपरोध तर नकोच. ‘वा, फारच छान पॅकिंग!’ हे वाक्य दुसऱ्या भाषेत जाता जाता खरोखरची तारीफ बनतं आणि तुमच्या दाव्याच्या कागदांत जाऊन बसतं.

पत्र ईमेलने पाठवावं की साइटवरच्या मेसेजमधून?

साइटवरच्या, त्या ऑर्डरच्या पानावरूनच उघडणाऱ्या मेसेजमधून. पुढे साइटने निवाडा करायची वेळ आली तर ती आपल्याकडचा पत्रव्यवहार बघते. बाहेरचे ईमेल किंवा चॅट तिला दिसत नाहीत. विक्रेता ‘आपण दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. विक्रेत्याची स्वतःचीच साइट असेल आणि मध्ये कोणी नसेल तर ईमेल पाठवा. संपर्काचा नुसता फॉर्म असेल तर पाठवण्याआधी भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट घ्या, कारण फॉर्ममधून गेलेल्या मजकुराची प्रत बरेचदा तुमच्याकडे येतच नाही.

दावा दाखल करताना कारणांची यादी येते. कोणतं कारण निवडायचं?

‘Item not as described’ किंवा ‘Wrong item received’. ‘Item not received’ कधीही नाही.

मनात येतं की मागवलेली वस्तू तर मिळालीच नाही, मग ‘not received’ खरंच आहे. पण त्या कारणाचा दावा तपासताना बघितलं जातं ते एवढंच की ट्रॅकिंगवर पोहोचल्याची नोंद आहे की नाही. ती आहे. दावा फेटाळला, कोणी फोटो उघडलेही नाहीत. आणि बऱ्याच ठिकाणी एका व्यवहारावर एकदाच दावा करता येतो, त्यामुळे मग बरोबर कारण निवडायची संधीही गेली. पेपॅलने पैसे दिले असतील तर तिथेही हेच दोन वेगळे रस्ते आहेत. आपला रस्ता ‘Significantly Not as Described’. पेपॅलवर हा वाद पैसे दिल्यापासून १८० दिवसांत उघडता येतो, आणि उघडल्यावर विक्रेत्याशी बोलून जमलं नाही तर २० दिवसांत त्याचं दाव्यात रूपांतर करावं लागतं. ते केलं नाही तर वाद आपोआप बंद होतो.

‘Confirm receipt’ असं बटण दिसतंय. दाबू का?

नको. त्या बटणाचा व्यवहारातला अर्थ ‘वस्तू बरोबर मिळाली, पैसे विक्रेत्याला द्या’ असा असतो. न दाबताही काही दिवसांनी ऑर्डर आपोआप `Completed` होते, म्हणूनच `Protection ends` ची तारीख पत्रात घ्यायची. दाबून बसला असाल तर लगेच दावा उघडा. काही साइट्स त्यानंतरही थोडे दिवस देतात.

विक्रेता गोड बोलतोय, ‘थोडे दिवस थांबा, बघतो’ म्हणतो. थांबावं का?

बोलणं चालू ठेवा, पण मुदतीच्या आत दावा उघडाच. त्यात उद्धटपणा काही नाही. साइटवर मुदत वाढवायची सोय असते आणि विक्रेत्याला खरंच वेळ हवा असेल तर तो ती वाढवू शकतो. नुसत्या मेसेजमधल्या आश्वासनाने स्क्रीनवरची तारीख पुढे सरकत नाही. रोज एकदा ऑर्डरचं पान बघा आणि स्टेटस बदललं की स्क्रीनशॉट घ्या.

विक्रेता म्हणतो, ‘आमच्या नोंदीप्रमाणे २५ मिमीच पाठवलाय.’ आता?

दुसरं पत्र, पहिल्यापेक्षा लहान. त्याची नोंद खोटी ठरवायच्या फंदात पडू नका. ती नोंद बारकोडची आहे, वस्तूची नाही, हे दाखवा. ‘तुमच्या नोंदीत `EP-125-25` आहे हे मी समजू शकतो. दुसऱ्या फोटोत पिशवीवरचा क्रमांक आणि आतल्या वस्तूवरचा आकडा एकत्र दिसतो. तुमच्या विक्रीच्या पानावर वस्तूचं वजन १२० ग्रॅम आहे. तुमच्याच चिठ्ठीवर पाकिटाचं वजन ०.०९ किलो आहे. कृपया हा फरक समजावून सांगा.’ शेवटचं वाक्य मुद्दाम प्रश्नार्थक ठेवलंय. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर आलं नाही तर निवाडा करणाऱ्याला ते अनुत्तरित पडलेलं दिसतं.

कधी ‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ द्या’ अशी मागणी येते. ऑर्डर देताना लागू असलेल्या अटींत तसं लिहिलं नसेल तर ती अट आता घालता येत नाही. त्या अटींचं पान उद्धृत करून तेवढंच सांगा. अटींत असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते, आणि मग वजनाचा पुरावाच कामाला येतो.

‘वस्तू ठेवून घ्या, काही टक्के पैसे परत देतो’ असं म्हणतात. घ्यावे का?

वस्तू तुमच्या उपयोगाची असेल तर हिशेब करून घ्या. १० मिमीचाही आयपीस तुम्हाला कधीतरी घ्यायचाच होता, तर अर्ध्या किमतीत तो वाईट नाही. पण अर्धवट परतावा स्वीकारला की प्रकरण तिथेच मिटलं असं साइट धरते. उरलेल्या पैशांसाठी पुन्हा दार उघडत नाही. पहिला आकडा बहुधा अगदी लहान असतो, पुढे वाढत जातो. वस्तू नको असेल तर एका ओळीत नाही म्हणा आणि पहिल्या पत्रातली मागणी पुन्हा लिहा.

याच वेळी हमखास येणारी दुसरी विनंती म्हणजे ‘आधी दावा मागे घ्या, मग पैसे पाठवतो’. उलट क्रमाने करा. पेपॅलवर बंद केलेला वाद पुन्हा उघडता येत नाही, आणि बऱ्याच साइट्सवरही तसंच आहे.

वस्तू परत पाठवा म्हणाले तर खर्च कोणाचा?

चूक विक्रेत्याची असेल तर मागणी हीच की खर्च त्याचा. प्रत्यक्षात साइटच्या अटी काय म्हणतात ते बघावं लागतं. काही ठिकाणी परतीचं टपाल ग्राहकाच्या माथी असतं, आणि परदेशी टपालाचा नोंदणीकृत दर वस्तूच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. तसं असेल तर टपालाचा लिखित दर पत्राला जोडा आणि विचारा, की एवढ्या खर्चाने वस्तू परत हवी आहे का. बरेच विक्रेते हा आकडा बघून वस्तूचा नाद सोडतात.

पाठवायचीच झाली तर तीन गोष्टी. परतीचा पत्ता विक्रेत्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या, पाकिटावरच्या पत्त्यावर परस्पर पाठवू नका. तो बहुधा मालवाहतूक करणाऱ्या मधल्या गोदामाचा असतो. ट्रॅकिंग असलेल्या सेवेनेच पाठवा आणि तो नंबर साइटने दिलेल्या मुदतीत दाव्याच्या पानावर भरा. मुदत चुकली तर जिंकलेला दावाही हातचा जातो. सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर हा परत जाणारा माल आहे हे स्पष्ट लिहा, नाहीतर तिकडे त्यावर नव्याने शुल्क लागतं आणि विक्रेता पार्सल घ्यायला नकार देतो.

साइटने दावा फेटाळला. बँकेकडे जाता येईल?

कार्डाने पैसे दिले असतील तर येईल. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांत ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हे वादाचं वेगळं कारण आहे आणि मुदत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते. पण ती बँकेने प्रकरण पुढे नेण्याची मुदत आहे, त्यामुळे तुम्ही बँकेकडे खूप आधी पोहोचायला हवं. बँक दोन गोष्टी विचारते: विक्रेत्याशी मिटवायचा प्रयत्न केला का, आणि वस्तू परत केली किंवा निदान परत द्यायची तयारी दाखवली का. पहिल्या पत्रातलं ‘वस्तू वापरलेली नाही, परत हवी असल्यास चिठ्ठी पाठवा’ हे वाक्य याचसाठी होतं. फॉर्ममध्ये इथेही ‘माल मिळाला नाही’ या रकान्यावर खूण करू नका, आणि सोबत पहिलं पत्र जोडा, विक्रेत्याचं उत्तर जोडा, ऑर्डरचं पान जोडा.

एकाच वेळी साइटवर दावा आणि बँकेत तक्रार, असं करू नका. बँकेत तक्रार गेली की साइट आपला दावा बहुधा थांबवते किंवा बंद करते.

स्टेटस ‘Refunded’ झालंय, पण खात्यात पैसे दिसत नाहीत. आणि दिसले तर कमी का?

`Refunded` म्हणजे विक्रेत्याच्या बाजूने पैसे सोडले गेले. कार्डाच्या खात्यात यायला काही दिवस जातात. कधी ते वेगळी नोंद म्हणून न दिसता मूळ खर्चाची नोंदच नाहीशी होते. आठवडा-दीड आठवडा उलटला तर विक्रेत्याकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक मागा. त्याला एआरएन म्हणतात, तो २३ आकड्यांचा असतो आणि त्यावरून बँकेला पैसे शोधता येतात. रक्कम कमी असण्याचं कारण बहुधा विनिमय दर: `USD 38.00` पूर्ण परत आले तरी ते परताव्याच्या दिवशीच्या दराने बदलले जातात, आणि खरेदीच्या वेळी बँकेने घेतलेलं परकीय चलनाचं शुल्क परत येईलच असं नाही. पार्सलवर सीमाशुल्क भरलं असेल तर ते विक्रेत्याकडे गेलेलंच नसतं. त्यासाठी ज्या कार्यालयाने ते घेतलं तिथे, शुल्काची पावती आणि माल परत गेल्याचा पुरावा घेऊन, वेगळा अर्ज करावा लागतो.